धाकटीचे पंचाहत्तर गुण

आमची धाकटी बहीण सनदी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाली. २२ एप्रिल २०२५ रोजी लागलेल्या यादीत १००९ नावे होती आणि तिचे त्यांत बरेच खालच्या बाजूला होते. पण कर्जतच्या आमच्या आळीला वरची आणि खालची बाजू कोण सांगणार? पेढे दोन दिवस पुरले नाहीत. आमच्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यांनी तर तिची थेट चिंतामणराव देशमुखांशी सांगड घातली. ते याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नात्याचे. १९१८ साली आय. सी. एस. ला पहिले आले. त्यांना परीक्षेसाठी लंडन गाठावे लागले, कारण १९२२ पर्यंत ती हिंदुस्थानात होतच नसे. आमचीला लोकलने मुंबई गाठून भागले, एवढा फरक मी नम्रपणे नमूद केला.

तिचा हा तिसरा प्रयत्न. पहिल्यात पूर्वपरीक्षेतच गाडी अडली. दुसऱ्यात जे झाले ते सांगताना मला, मराठीचा प्राध्यापक म्हणून, जरा घसा साफ करावा लागतो. ती मराठीत नापास झाली!

मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा तीनशे गुणांचा एक सक्तीचा पेपर असतो. त्याचे गुण गुणवत्तेत धरत नाहीत. फक्त शेकडा पंचवीस, म्हणजे पंचाहत्तर, मिळवावे लागतात. म्हणून कोणी त्याकडे बघत नाही. मात्र ते पंचाहत्तर हुकले, की निबंध, सामान्य अध्ययन, वैकल्पिक विषय, सारे पेपर कितीही सुरेख लिहिलेले असोत, हिशेबात धरले जात नाहीत. वर्षभराचा अभ्यास तसाच मिटलेला राहतो. ती रात्र तिने गॅलरीत बसून काढली. आम्ही कोणी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. शाळा इंग्रजी माध्यमाची, लिहिणे सारे यंत्रावर. तीन तास देवनागरी लिहायची बोटांना सवयच नव्हती. सहाशे शब्दांचा निबंध लिहून झाला की ती हात झटकत बसे. भाषांतरात ‘गावकऱ्यांच्या द्वारे स्थलांतर केले गेले’ असले काहीतरी येई. मी विचारी, “अगं, आई असं म्हणेल का?” मग ती लिही, ‘गावकरी हलले.’

खरी कसोटी सारांशलेखनाची. त्याला साठ गुण. उताऱ्याचा तिसरा हिस्सा करायचा, तोही स्वतःच्या शब्दांत. धाकटी उताऱ्यातलीच वाक्ये उचलून ओळीने मांडी, आणि शब्दसंख्या जुळली की खूष होई. सारांश फसला की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती मी काढली: मूळ उतारा न वाचलेल्या माणसाला तो ऐकवायचा. असे माणूस घरात आयतेच होते. आई!

एकदा मी इरशाळवाडीवर सुमारे सहाशे शब्दांचा उतारा लिहून दिला. आमचे मूळ गाव खालापूर तालुक्यातले, आणि ही ठाकरांची वाडी त्याच तालुक्यात, इरशाळगडाच्या उतारावर. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. धाकटीने दोनशे शब्दांत सारे बसवले: तारीख, पाऊस, सापडलेले २७ मृतदेह, न सापडलेली ५७ माणसे. आईने ओल्या हातांनी चुलीपाशी उभे राहून ऐकले आणि विचारले, “मग ती माती उपसायची यंत्रं का नाही नेली गं वर?”

उताऱ्यात उत्तर होते. वाडीला रस्ताच नव्हता. पायवाटेने डोंगर चढून जायचे, पावसाळी हवेत हेलिकॉप्टरही उतरेना, म्हणून माणसांनी हातांनी माती उपसली. धाकटीने आकडे ठेवले होते आणि कारण गाळले होते. तिने तो कागद फाडला. नव्याने लिहिला तेव्हा पहिलेच वाक्य रस्त्याचे होते. वाहतुकीच्या इतर तपशिलांना तिने खुशाल कात्री लावली. आई म्हणाली, “आता कळलं.” माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात इतका नेमका परीक्षक मला भेटलेला नाही.

पुढे दिल्लीला मुलाखतीत मंडळातल्या एका सदस्यांनी अर्जातला जिल्हा पाहून इरशाळवाडीचेच विचारले: मदत पोहोचायला अडचण कसली आली? धाकटीने तीन वाक्यांत सांगितले, आणि त्यांतले पहिले रस्त्याचे. त्यांनी पुढे विचारले, “तुम्ही तिथे अधिकारी असता तर?” ती म्हणाली, पावसाळ्याआधी वाडीतल्या लोकांशी बोलले असते, मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडायला ती ‘हो’ म्हणतील, असे मी धरून चालले नसते.

हे उत्तर मी शिकवलेले नव्हते. घरी आल्यावर तिने ते सांगितले, तेव्हा मला पेढ्यांच्या दिवसापेक्षा अधिक आनंद झाला.

आता तिची मसुरीची तयारी चालली आहे. ट्रंकेत लोकरी कपड्यांच्या तळाशी सारांशाच्या तीन वह्या तिने स्वतःच ठेवल्या. आईने त्या काढून त्यांच्या जागी मेतकुटाचा डबा बसवता येतो का ते पाहिले. येत नव्हता. बराच वेळ दोघींची घासाघीस झाली, आणि शेवटी एक स्वेटर बाहेर राहिला.