भिंतीचा तंटा आणि जामिनाचा अर्ज

जामीन मिळाला म्हणजे माणूस खटल्यातून सुटला आणि नाही मिळाला म्हणजे तो गुन्हेगार ठरला, असा समज आमच्या मोहल्ल्यात पक्का आहे. त्यामुळे जामिनाच्या अर्जात आपलीच बाजू कशी खरी, हे पानोपान लिहावे असे घरच्यांना वाटते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या अर्जाच्या वेळी आम्ही वकीलसाहेबांसोबत बसलो, तेव्हा हा समज कुठे चुकतो ते नीट कळले.

तंटा तसा जुनाच. दादांच्या वेळचा वाडा, दोन भावांच्या वाटण्या आणि मधले सामाईक अंगण. चाचांनी अंगणात भिंत घातली. पुतण्याने हातोडा घेऊन ती पाडली. झटापटीत चाचांच्या हाताला खरचटले. वाटणीचा दिवाणी दावा कोर्टात आधीच चालू होता. परंतु फिर्याद लिहिली गेली ती अशी की, आरोपी मारहाणीच्या तयारीने घरात शिरला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 333 खाली या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो अजामीनपात्र आहे. एका 'तयारीने' या शब्दाने भिंतीचे भांडण कोठडीपर्यंत गेले.

मुलाच्या अम्मींनी उर्दूतला जुना तक्सीमनामा आणला होता. त्याचे मराठी करून देण्यासाठीच आम्हांला बोलावले होते. त्या म्हणाल्या, "सर, आंगन हमारा है, ये सबसे पैले लिखो."

वकीलसाहेबांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. ते म्हणाले, "हा दिवाणी कोर्टात लागेल. इथे न्यायाधीश मालकी ठरवणार नाहीत. ते तीनच गोष्टी पाहतील. मुलगा पळून जाईल का, साक्षीदारांना दटावील का आणि पुन्हा असेच करील का?"

मग अर्ज उभा राहिला. आरोपीवर पूर्वी एकही गुन्हा नाही; तो गावचा कायमचा रहिवासी असून गॅरेजमध्ये कामाला आहे. हातोडा पंचनाम्याने जप्त झाला आहे आणि न्यायालयीन कोठडी झाली आहे, म्हणजे तपासाला आता तो आत असण्याची गरज नाही. वैद्यकीय दाखल्यात दुखापत साधी आहे. दाव्याचा उल्लेख एकाच ओळीत आला, नक्कल जोडली. दुसऱ्या कोणत्याही कोर्टात जामीन अर्ज प्रलंबित नाही, हेही लिहिले.

आम्ही मसुद्यात लिहिले होते, 'अर्जदाराने रागाच्या भरात भिंत पाडली.' वकीलसाहेबांनी तिथे 'फिर्यादीचे म्हणणे असे की' हे शब्द घातले. पहिलाच गुन्हा आहे, माफ करा, असे लिहिणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. पूर्वी गुन्हा नाही, एवढेच लिहायचे.

आणखी एक मुद्दा होता. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, तिची कारणे पोलिसांनी नोंदवावी लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार खटल्यात सांगितले. इथे हजर राहण्याची नोटीसही दिलेली नव्हती. तेही अर्जात आले.

पण खरा अडसर वेगळाच होता. फिर्यादी भिंतीपलीकडे राहतो. पोलिसांच्या लेखी 'से'मध्ये हीच हरकत येणार, हे वकीलसाहेबांना ठाऊक होते. त्यांनी विचारले, "सुटल्यावर पोरगा राहणार कुठे?" अम्मी गप्प झाल्या. पोराने घर सोडले तर चाचा अख्खे अंगण घेतील, ही त्यांची भीती होती. ती भीती खोटी नव्हती. वकीलसाहेबांनी त्यांना समजावले की कुटुंबाचा ताबा आणि दावा दोन्ही जागेवरच राहतात. मुलाने दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत मामूंकडे राहायचे आहे. बराच वेळाने त्या म्हणाल्या, "लिखो." मामूंचा पत्ता अर्जात गेला.

मामू दुसऱ्या जिल्ह्यातले, आणि जामीनदारही तेच. ते चालतील का? वकीलसाहेबांनी 1978 चा मोतीराम खटला काढला. त्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. मामूंचा सातबारा, आधार आणि रेशनकार्ड तयार ठेवले, कारण हुकूम झाल्यावरही जामीनदाराच्या कागदांपायी माणूस आतच राहतो.

हुकूम झाला. पंधरा हजारांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दर रविवारी ठाण्यात हजेरी आणि त्या गल्लीत पाय ठेवायचा नाही. मुलगा मामूंकडे गेला. अंगण कोणाचे, हा सवाल अजून दिवाणी कोर्टातच आहे, आणि आम्ही मराठी केलेला तक्सीमनामा आता तिथल्या कागदांत आहे.