भोक आणि कड यांच्यामधली भिंत

तडकलेल्या ब्रॅकेटचा कान हातात घेतला की दिसतं, भोक पडलंय तसंच गोल आहे. फाटली आहे ती भोक आणि बाहेरची कड यांच्यामधली अरुंद पट्टी. या पट्टीचं माप बहुतेक ड्रॉइंगवर लिहिलेलंच नसतं. भोकाचा व्यास असतो, कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर असतं, पोझिशनचा टॉलरन्स असतो. भिंत म्हणजे या तिघांच्या वजाबाकीतून उरेल ते. जे नुसतं उरतं, त्याची राखण कोण करणार? माझ्या मते ती राखण ड्रॉइंगवरचं एकच अक्षर करू शकतं: टॉलरन्सपुढच्या वर्तुळातला एल, म्हणजे लीस्ट मटेरियल कंडिशन. सवयीने तिथे एम लिहिला जातो आणि भिंतीचं नुकसान तिथेच सुरू होतं.

एक साधं उदाहरण घेऊ. कड हाच डेटम, तिथपासून भोकाचा मध्य 10 मिमी, व्यास 10.0 ते 10.2, पोझिशन टॉलरन्स 0.3. भोक मोठं झालं की धातू कमी उरतो, म्हणून भोकाची लीस्ट मटेरियल कंडिशन 10.2. एल लिहिला तर 0.3 ही सूट 10.2 च्या भोकाला मिळते. मध्य कडेकडे जास्तीत जास्त 0.15 सरकेल, त्रिज्या 5.1, भिंत उरेल 4.75. आता भोक 10.0 चं पडलं, तर व्यासातले वाचलेले 0.2 टॉलरन्समध्ये जमा होतात आणि तो 0.5 होतो. मध्य 0.25 सरकला, त्रिज्या 5.0, भिंत पुन्हा 4.75. भोक लहान असो वा मोठं, तळाचा आकडा हलत नाही. एम लिहिला तर हिशेब उलटतो: भोक जितकं मोठं, तितकी सरकण्याची मुभा जास्त. 10.2 च्या भोकाला 0.5 मिळतात आणि भिंत 4.65 वर येते. धातू आधीच कमी असताना आणखी सरकायची परवानगी मिळते, आणि इन्स्पेक्शनच्या कागदावर तो नग पास असतो.

कोणी म्हणेल, कुठलंच अक्षर लिहू नका, 0.3 म्हणजे सगळ्या व्यासांना 0.3, भिंत 4.75 च्या खाली जाणारच नाही. हे खरं आहे. पण 10.0 चं भोक कडेकडे 0.2 सरकलेलं असेल, तर पोझिशनची चूक 0.4 भरते आणि नग रिजेक्ट होतो. त्याची भिंत आहे 4.80, म्हणजे शेजारच्या पास झालेल्या 4.75 च्या नगापेक्षा जाड. भोक लहान राखणाऱ्या कारागिराचा चांगला नग भंगारात जावा, हे मला पटत नाही. स्कॉटलंडमधल्या ॲलेक्झांड्रियाच्या टॉर्पेडो कारखान्यातले स्टॅनली पार्कर यांच्यापुढेही याच जातीचा प्रश्न होता. चौकोनी टॉलरन्सच्या बाहेर पडलेले, तरीही जुळणीत नीट बसणारे नग फेकायचे का? त्यांचं टिपण 1940 साली छापलं गेलं आणि पोझिशनचा गोल टॉलरन्स त्या विचारातून आला. तिथे प्रश्न जुळणीचा होता, इथे भिंतीचा आहे. पण नग कामाचा आहे की नाही हे त्याच्या कामावरून ठरवावं, ही मागणी तीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एम असेल तर ठरलेल्या मापाची पिन भोकात जाते की नाही एवढं पाहून निकाल देता येतो. एलची सीमा धातूच्या आत असते. तिथे पिन घालणार कशी? असा गेज बनत नाही, सीएमएमवर मध्य आणि व्यास दोन्ही मोजावे लागतात. हा खर्च मान्य करायलाच हवा. भिंत थेट बॉल मायक्रोमीटरने मोजता येते, पण त्याने ती त्या एका जागी किती जाड आहे एवढंच कळतं. भोक कडेला समांतर दिशेने किती भरकटलं हे कळत नाही. आणि एलची हमीही पूर्ण नव्हे. डेटमचं प्रतल कडेच्या उंच बिंदूंवर टेकतं. कडेत 0.05 चा खड्डा असेल, तर तिथे भिंत 4.70 च असू शकते. म्हणून कडेची फ्लॅटनेस त्याच हिशेबात धरावी लागते.

त्या भोकातून बोल्ट सहज जायला हवा असेल, तर एकटा एल पुरत नाही. लहान भोकाला तो जास्त सरकू देतो आणि बोल्ट अडतो. म्हणून अक्षर लिहिण्याआधी भोकाला विचारावं, तू कशासाठी आहेस? उत्तर जुळणी असेल तर एम. उत्तर भिंत असेल तर एल, आणि त्याआधी ही वजाबाकी ड्रॉइंग बनवणाऱ्यानेच करायची: 10 वजा 5.1 वजा 0.15. उरलेले 4.75 भार पेलायला पुरत नसतील, तर टॉलरन्स आवळत बसू नका, कड बाहेर सरकवा.