सोन्याच्या भिशीचा हिशेब

आमच्या शिरूर कासारमध्ये मुलीच्या निकाहासाठी सोने जमवण्याची रीत जुनीच आहे. पगार झाला की थोडे बाजूला टाकायचे, कापूस किंवा तूर विकली की एखादा मणी, एखादी अंगठी करून ठेवायची. हल्ली त्या जागी सराफाची मासिक योजना आली आहे. कोणी तिला सुवर्ण योजना म्हणते, आमच्याकडे सरळ ‘सोन्याची भिशी’ म्हणतात. अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा दुकान भरेल, असे कार्डावर छापलेले असते. आम्ही दोघेही शिक्षक. शेजारच्या भाभी, शाळेतल्या बाई, नात्यातल्या आपा अशी कार्डे घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, “सर, मॅडम, यात खरेच किती फायदा आहे?” अशा बऱ्याच कार्डांचे हिशेब आम्ही घरी मांडले. त्यातून जे समजले ते वाचक भगिनींसमोर ठेवत आहोत.

आधी योजना नीट समजून घेऊ. समजा, हप्ता 5,000 रुपयांचा आहे. अकरा महिन्यांत आपले 55,000 रुपये जमा होतात. बारावा हप्ता म्हणजे बोनस. तो 5,000 रुपये दुकानदार आपल्या नावावर मांडतो आणि खात्यात 60,000 होतात. हे पैसे रोख मिळत नाहीत. त्याच दुकानातून त्या रकमेचा दागिना घ्यायचा असतो. बहुतेक कार्डांच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेले असते की नाणे किंवा वेढणी घेतल्यास बोनस मिळणार नाही. हे का, ते पुढे लक्षात येईल.

हप्ते अकराच का, असेही अनेकजणी विचारतात. यामागे कायदा आहे. कंपन्यांनी लोकांकडून ठेवी घेण्याबाबत 2014 चे नियम आहेत. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांच्या आत माल देऊन फेडली, तर ती ठेव धरली जात नाही. त्यापेक्षा जास्त दिवस ठेवली तर ती ठेव होते आणि ठेवीचे सगळे कडक नियम लागू होतात. म्हणून पहिल्या हप्त्यापासून वर्ष उलटायच्या आत योजना संपवतात. कोणी दुकानदार 24 किंवा 36 महिन्यांची योजना सांगत असेल, किंवा “दागिना नको असेल तर दरमहा व्याज घ्या” म्हणत असेल, तर ती दागिन्याची आगाऊ रक्कम राहत नाही. तिथे थांबून विचार करावा.

आता मुख्य प्रश्न. 60,000 रुपयांत सोने किती येते? हिशेब सोपा व्हावा म्हणून 22 कॅरेटचा भाव 10,000 रुपये ग्रॅम धरू. पुष्कळजणी मनात म्हणतात, 60,000 भागिले 10,000, म्हणजे सहा ग्रॅम. पण दागिना त्या भावात मिळत नाही. भावावर घडणावळ लागते, आणि दोन्हींची बेरीज करून त्यावर 3 टक्के जीएसटी लागतो. घडणावळ 15 टक्के असेल तर एका ग्रॅमला 10,000 अधिक 1,500 म्हणजे 11,500 रुपये झाले. त्यावर जीएसटी 345 रुपये. दागिन्याचा एक ग्रॅम 11,845 रुपयांना पडला. 60,000 ला 11,845 ने भागले की उत्तर येते सुमारे 5.07 ग्रॅम. सहा नव्हे.

बोनस नसता तर? 55,000 रुपयांत 4.64 ग्रॅम आले असते. म्हणजे बोनसमुळे 0.42 ग्रॅम जास्त मिळाले. हा फायदा खोटा नाही. पण आता त्याच बाजारातले दुसरे दुकान घ्या, जिथे योजना नाही पण तशाच दागिन्याची घडणावळ 8 टक्के आहे. तिथे एक ग्रॅम 10,800 आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 11,124 रुपयांना पडतो. घरात डब्यात साठवलेले 55,000 घेऊन गेले तर 4.94 ग्रॅम मिळतात. योजनेच्या 5.07 शी तुलना करा. फरक उरला 0.12 ग्रॅमच्या आसपास. पाच हजारांच्या बोनसचे वजनात हजार-बाराशे रुपयांचे सोने राहिले. बाकीचे घडणावळीच्या फरकात गेले.

नाणे घेतल्यास बोनस का नाही, याचे उत्तर इथेच आहे. नाण्यावर घडणावळ फार कमी असते. दुकानदार बोनस देतो तो बहुतांशी घडणावळीच्या नफ्यातून. शिवाय वर्षभर आपले पैसे त्याच्या धंद्यात फिरतात, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही याची त्याला खात्री मिळते. यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. हा व्यवहार आहे. आपल्यालाही तो व्यवहार म्हणूनच कळला पाहिजे.

म्हणून पहिला हप्ता भरण्याआधी एकच गोष्ट लेखी घ्यावी. शेवटी घडणावळ किती टक्के लागेल? “त्या वेळी बघू, आपल्याच घरचे दुकान आहे,” हे उत्तर पुरेसे नाही. कार्डावर टक्का लिहून, शिक्का मारून घ्यावा. काही योजनांत बोनसऐवजी घडणावळ माफ असते, पण ती ठरावीक टक्क्यापर्यंतच. नाजूक कामाच्या हाराची घडणावळ 20 टक्क्यांच्याही वर जाते. तिथे वरचा फरक आपल्यालाच भरावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खाते रुपयांत आहे की वजनात. वर सांगितलेली योजना रुपयांची. शेवटच्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने सोने मिळते. वर्षभरात भाव चढला तर तोटा आपला. दुसऱ्या प्रकारात दर महिन्याचा हप्ता त्या दिवसाच्या भावाने ग्रॅममध्ये मांडतात. समजा, पहिल्या हप्त्याला भाव 9,000 होता आणि दर महिन्याला शंभर रुपयांनी वाढत अकराव्या हप्त्याला 10,000 झाला. पहिल्या महिन्यात 0.556 ग्रॅम जमा होतील, शेवटच्या महिन्यात 0.500. सगळी बेरीज 5.796 ग्रॅम. त्याची 10,000 च्या भावाने किंमत 57,960 रुपये. रुपयांच्या योजनेत बोनससह 60,000 होते. म्हणजे इथे रुपयांची योजना बरी ठरली.

पण भाव दरमहा दोनशेने वाढून 11,000 झाला तर? वजनाच्या खात्यात 5.522 ग्रॅम जमतील आणि त्यांची किंमत 60,744 रुपये होईल. इथे वजनाची योजना पुढे गेली. भाव जागेवरच राहिला, तर वजनाच्या खात्यात 55,000 चेच सोने राहील आणि बोनसवाली योजना सरळ पाच हजारांनी पुढे. भाव पुढे काय होईल हे सराफालाही माहीत नसते. एवढे मात्र ओळखावे की बोनस म्हणजे वाढत्या भावापुढे मिळालेली छोटी ढाल आहे. आमच्या उदाहरणात ती वर्षाला सुमारे पावणेदोन हजारांच्या वाढीपर्यंत पुरली, त्यापुढे नाही.

तिसरी गोष्ट चुकलेल्या हप्त्याची. आमच्या ओळखीतल्या एका भगिनीचा सातवा हप्ता घरातल्या आजारपणामुळे राहिला. पुढच्या महिन्यात तिने दोन हप्ते एकदम भरले, दुकानात कोणी हरकत घेतली नाही. वर्षाअखेरीस मात्र बोनस मिळाला नाही. नियम कार्डाच्या मागे छापलेला होता. आपल्या भागात पैसा दरमहा सारखा येत नाही. पावसाळ्यात हात आखडतो, पीक घरात आले की सुटतो. ज्या घरात मासिक पगार नाही त्यांनी छोटा हप्ता घ्यावा, जो वाईट महिन्यातही भरता येईल. मधेच योजना सोडली तर काय मिळते, रोख की दागिनाच, हेही आधी विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट सगळ्यांत जड. दुकान बंद पडले तर? ऑक्टोबर 2019 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, डोंबिवली-ठाणे भागातल्या गुडविन ज्वेलर्सच्या दुकानांना टाळे लागले. दरमहा हप्ते भरणारे आणि मोठ्या ठेवी ठेवणारे असे दोन्ही प्रकारचे लोक त्यात अडकले. पोलिसांत गुन्हे दाखल झाले आणि डिसेंबरमध्ये मालकांना अटक झाली. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1999 चा कायदा आहे, 2019 मध्ये बेकायदा ठेव योजनांवर केंद्राचा कायदाही आला. पण कायदा गुन्हा घडल्यानंतर चालतो, आणि पैसे परत यायला वर्षे लागतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सराफाकडच्या हप्त्याला तसा विमा नाही. म्हणून घरातली सगळी बचत एका दुकानात ठेवू नये. मुदत संपली की भाव उतरायची वाट बघत रक्कम तिथे पडू देऊ नये, लगेच दागिना घ्यावा.

दागिना घेताना खड्याचे वजन सोन्यात धरलेले नाही हे बिलावर पाहावे. निव्वळ वजन, भाव, घडणावळ आणि जीएसटी अशा चार वेगळ्या ओळी असाव्यात. 22 कॅरेटच्या दागिन्यावर बीआयएसचे चिन्ह, 916 चा आकडा आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो क्रमांक मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की दागिन्याची नोंद दिसते. हे दुकानातच, पैसे वळते करण्याआधी करावे.

“मग हा बोनस सूद तर नाही ना?” हा प्रश्न आमच्या घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकीने विचारला. फतवा देणे आमचे काम नाही. पण आलिमांकडे जाताना नुसते ‘भिशी चालेल का’ असे विचारू नये, कार्ड सोबत न्यावे. पैसे कर्जासारखे दिले आहेत की खरेदीची आगाऊ रक्कम आहे, बोनस म्हणजे दिलेल्या पैशावरची वाढ आहे की खरेदीतली सूट, आणि वजनाच्या खात्यात सोने ताब्यात न घेताच सौदा झाला आहे का, हे त्या कागदावरूनच ठरेल. दोन दुकानांच्या कार्डांची उत्तरे वेगळीही येऊ शकतात.

पुढच्या वेळी कोणी कार्ड पुढे केले तर कागदावर तीनच ओळी लिहा. एक, बोनस धरून एकूण रक्कम. दोन, घडणावळ आणि जीएसटी धरून एका ग्रॅमची किंमत. तीन, पहिल्या ओळीला दुसरीने भागून येणारे वजन. मग आपलीच 55,000 रुपयांची रक्कम कमी घडणावळीच्या दुकानात किती वजन देते ते शेजारी लिहा. दोन वजनांमधला फरक हाच खरा बोनस. तो आपल्या डोळ्यांना दिसला, की हप्ता सुरू करायचा की नाही हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.