पाकीट फोडण्याआधीची सही

"वर नमूद केलेले सर्व मूळ दस्तऐवज सुस्थितीत व पूर्ण मिळाले, याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही." हे वाक्य छापलेला कागद आमच्यासमोर ठेवला, तेव्हा दस्तांचं पाकीट अजून सीलबंदच होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, इथं सही करा, मग पाकीट देतो." या गोष्टीचा राग अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही.

आम्ही गडचांदूरचे. बाबा सिमेंट कारखान्यातून निवृत्त झाले. 2012 साली त्यांनी एका गृहस्थाकडून प्लॉट घेतला, घर बांधलं आणि त्यासाठी एका गृहकर्ज कंपनीकडे हक्काचे कागद तारण ठेवले. शेवटचा हप्ता 5 मार्च 2024 ला भरला. कर्ज बंद झाल्याचं पत्र आलं, त्यात परत मिळणाऱ्या कागदांची यादी होती: आमचं 2012 चं विक्रीपत्र, त्याची सूची क्रमांक 2, नोंदणी फीची पावती, अकृषक आदेशाची प्रत आणि ज्यांच्याकडून प्लॉट घेतला त्यांचं 1998 चं विक्रीपत्र. विक्रीपत्रं दोन्ही "मूळ" म्हणून लिहिली होती. कागद नागपूरहून चंद्रपूरच्या शाखेत आले की बोलावू म्हणाले, आणि 2 एप्रिलला बोलावलं.

बाबा त्या मुलाला शांतपणे म्हणाले, "आधी पाकीट फोडा, मंग सही." मुलगा म्हणाला, सिस्टिममध्ये पोच चढल्याशिवाय पाकीट बाहेर देता येत नाही. मागं रांग होती. कोणीतरी बोललंसुद्धा, "करून टाका ना काका." बाबा हलले नाहीत. शेवटी शाखाधिकारी आले आणि पाकीट टेबलावर, त्यांच्यासमोर फुटलं.

बाबांनी पिशवीतून 2012 ची पोच काढली. कागद जमा करताना कंपनीनं दिलेली, हातानं लिहिलेली, शिक्क्याची. लोक ती जपत नाहीत, कर्ज मिळालं की तिचं काम संपलं असं समजतात. पण कर्ज बंद झाल्याचं पत्र संगणकातल्या नोंदीवरून निघतं, ते काढणाऱ्यानं पाकीट पाहिलेलं नसतं. नोंद चुकली होती असं कंपनी उद्या म्हणाली, तर आपल्या हातात उरतो तो पोचेचा कागद. आमच्या पोचेवर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: "सन 1998 चे विक्रीपत्र, मूळ."

2012 चं विक्रीपत्र आधी घेतलं. संगणकीकृत नोंदणीच्या दस्तावर प्रत्येक पानाला दस्त क्रमांक, वर्ष आणि एकूण किती पानांपैकी हे कितवं, असा शिक्का असतो. त्यामुळे पानं नुसती मोजण्यापेक्षा शिक्क्यांचे आकडे वाचत गेलं की मधलं गळालेलं पान लगेच कळतं. शेवटची पानं मुद्दाम पाहायची, कारण दोन्ही पक्षांचे फोटो, अंगठे आणि दुय्यम निबंधकांची सही तिथं असते, आणि टाचणी सुटली की आधी तीच पानं निसटतात. आमची सगळी होती.

मग 1998 चं. पहिल्या पानावर मुद्रांकाचं चित्र, खाली गोल शिक्का, वरवर सगळं बरोबर. बाबांनी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. मुद्रांक कागदाच्या मागं विक्रेत्याची नोंद असते, कोणाला विकला, कधी विकला, त्याची सही. शिवाय समोरच्या पानावरचा शिक्का अक्षरांच्याच काळ्या रंगाचा होता, आणि सहीवरून बोट फिरवलं तर पेनाच्या दाबाचा खळगा कुठंच लागत नव्हता. ती झेरॉक्स होती.

शाखाधिकारी म्हणाले, "नागपूरला विचारतो, तोवर तुम्ही सही करून बाकीचे कागद घेऊन जा." हे ऐकायला सोयीचं वाटतं. पण रिझर्व्ह बँकेचा 13 सप्टेंबर 2023 चा आदेश मी वाचला होता. 1 डिसेंबर 2023 पासून ज्यांचे कागद परत करायचे झाले त्या वैयक्तिक कर्जांना तो लागू आहे, आणि गृहकर्ज त्यात येतं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत सगळे मूळ दस्त परत करायचे आणि बोजाची नोंदही काढायची. संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. दस्त हरवला असेल तर प्रमाणित प्रत मिळवायला मदत करायची, खर्च संस्थेनं सोसायचा. त्यासाठी आणखी 30 दिवस मिळतात, म्हणजे भरपाईची मोजणी 60 दिवसांनंतर सुरू होते. आता बघा, "सर्व मूळ दस्तऐवज मिळाले" यावर सही झाली की हे घड्याळ त्याच क्षणी थांबतं. दस्त परत झालाच, मग उशीर कसला आणि हरवणं कसलं?

मी म्हटलं, सही करतो, पण शेरा लिहून. ते म्हणाले, छापील नमुन्यावर लिहायची परवानगी नाही. यावर खूप वेळ गेला. नमुना कोणाच्या सोयीसाठी असतो? कागद आमचे, घर आमचं, आणि जे मिळालं नाही ते मिळालं नाही एवढं लिहायला परवानगी कसली! अखेर दोन्ही प्रतींवर मी लिहिलं: "अनुक्रमांक 5 ची मूळ प्रत मिळाली नाही, झेरॉक्स मिळाली. उर्वरित दस्त मिळाले." तारीख, सही, शाखेचा शिक्का. एक प्रत आमच्याकडे. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना माझं सांगणं असं की सगळं पाकीट नाकारून येऊ नका. स्वतःचं विक्रीपत्र हातात घ्या आणि न मिळालेल्याची ओळ लिहून घ्या. शेरा लिहूच देत नसतील तर त्याच दिवशी शाखेला लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर कर्ज बँकेचं असल्यास cms.rbi.org.in वर लोकपालाकडे आणि गृहकर्ज कंपनीचं असल्यास राष्ट्रीय आवास बँकेच्या grids.nhbonline.org.in वर जाता येतं, पण संस्थेकडे आधी तक्रार केलेली असावी लागते.

त्या मुलावर मी तेव्हा फार चिडलो होतो. आता वाटतं, त्याच्यासमोरच्या पडद्यावर "मूळ" लिहिलेलं होतं, पाकिटात काय आहे हे त्यालाही कोणी दाखवलं नव्हतं. तरी सही आधी मागायची पद्धत कोणीतरी ठरवलीच ना?

कंपनीनं पुढं मूळ दस्त सापडत नसल्याचं लेखी दिलं. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्यांच्या खर्चानं प्रमाणित प्रत निघाली, ती हातात पडली 20 मे ला. 5 मार्चपासूनचे 60 दिवस 4 मे ला संपले होते, म्हणून वरच्या 16 दिवसांचे 80,000 रुपये मी लेखी मागितले. आधी घरात मीच म्हणत होतो की पैसे नकोत, कागद द्या. आकडा मांडल्यावर मात्र मी एक रुपयाही सोडायला तयार नव्हतो, आणि मिळेपर्यंत सोडला नाही.

आमच्या वकिलांनी सांगितलं, मालकीला धोका नाही. आमचं विक्रीपत्र नोंदलेलं आहे, आणि 1998 च्या दस्तात काय होतं हे प्रमाणित प्रतीवरून सिद्ध करता येतं. पण उद्या घर विकायला काढलं, तर घेणाऱ्याची बँक मागच्या साखळीचे मूळ कागद मागेल, आणि तेव्हा हरवल्याची पोलीस नोंद, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि प्रतिज्ञापत्र आमच्याकडेच मागितलं जाईल. पोलीस नोंद आम्ही कंपनीकडून करून घेतली. जाहीर नोटीसही त्यांनीच, त्यांच्या नावानं आणि खर्चानं द्यावी, असं आमचं म्हणणं आहे. कंपनी म्हणते, आदेशात प्रमाणित प्रतीपुरतंच लिहिलंय. तो पत्रव्यवहार अजून चालू आहे.