खुलासा नव्हे, तक्रार

जून 2023 मध्ये महाराष्ट्रातलं वातावरण कसं होतं ते आठवत असेलच. मोबाइलवरच्या स्टेटसवरून 7 तारखेला कोल्हापुरात बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्यानंतर काही दिवसांनी बहिणीच्या मुलानं मला एक लिंक पाठवली, खाली फक्त एवढंच: ‘‘खाला, हा फोटो तुमचा आहे का?’’

चेहरा माझाच होता. शाळेतल्या 26 जानेवारीच्या झेंडावंदनाच्या फोटोतून कापलेला. धड आणि हात कुण्या दुसऱ्या बाईचे, आणि त्या हातांत औरंगजेबाचा जयजयकार करणारी पाटी. वर आमच्या मुळशी तालुक्याचं नाव आणि ‘हीच ती शिक्षिका’ अशी ओळ.

नीट पाहिलं तर जोडकाम दिसत होतं. माझ्या चेहऱ्यावर ऊन डावीकडून होतं, पाटीवर उजवीकडून. ओढणीची कड मानेजवळ कात्रीनं कापल्यासारखी सरळ होती. पण खरी चोरी पकडली ती पाटीवरच्या उर्दूनं. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि अक्षरं एकमेकांना जोडून शब्द होतो. या पाटीवर प्रत्येक अक्षर सुटं होतं आणि ओळ डावीकडून उजवीकडे धावत होती. फोटो बदलायच्या ज्या सॉफ्टवेअरला ही लिपी येत नाही, त्यात मजकूर चिकटवला की असंच होतं. माझ्या चौथीच्या मुलांनीही ही पाटी वाचून हसून घेतलं असतं.

घरी आणि शाळेत सगळ्यांचा सल्ला एकच: ‘‘मॅडम, एक खुलासा टाका. आपण शिवरायांना मानतो, देशावर प्रेम करतो, असं लिहा.’’ सल्ला काळजीपोटीच होता. पण खुलासा तो देतो ज्याच्यावर आरोप सिद्ध व्हायचा बाकी असतो. इथे माझा चेहरा चोरीला गेला होता. शिवाय खुलासा टाकताना तो फोटो पुन्हा चार जणांना दाखवावा लागला असता.

पोस्टखालचं ‘रिपोर्ट’चं बटण आधी दाबून झालं होतं. त्यावर काही तासांत छापील उत्तर आलं, की पोस्ट नियमांत बसते. ते साहजिक होतं. पाटीवर शिवी नव्हती, धमकी नव्हती. फोटोतली बाई ती नव्हेच, हे बटणाला सांगायला जागा नव्हती. म्हणून पत्र लिहिलं. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-पत्ता जाहीर करावा लागतो. त्याच नियमांतल्या 3(2)(b) मध्ये तोतयेगिरी आणि कृत्रिमरीत्या फेरफार केलेली चित्रं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. साध्या तक्रारीला तेव्हा 15 दिवसांची मुदत होती, या प्रकाराला 24 तासांची. ‘माझी बदनामी झाली’ एवढंच लिहिलं असतं तर पत्र 15 दिवसांच्या गठ्ठ्यात गेलं असतं.

पत्राचा गाभा असा होता:

‘‘सोबतच्या लिंकवरील चित्रात माझा चेहरा दुसऱ्या व्यक्तीच्या शरीरावर जोडून मी नसलेली व्यक्ती म्हणून मला दाखवले आहे. हे कृत्रिमरीत्या फेरफार केलेले चित्र आहे. मूळ छायाचित्र, पोस्टची तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट आणि माझे ओळखपत्र जोडले आहे. नियम 3(2)(b) नुसार हे चित्र 24 तासांत हटवावे आणि तपासासाठी त्याची नोंद नियमाप्रमाणे 180 दिवस जपून ठेवावी.’’

लिंक खात्याची न देता त्या एका पोस्टची दिली. मूळ फोटो पूर्ण आकाराचा जोडला, म्हणजे ऊन आणि ओढणी शेजारी ठेवून पाहता येईल. उर्दूबद्दल दोन ओळी. मी कुणाला मानते, याबद्दल एकही नाही. शेवटची 180 दिवसांची ओळ पोलिसांसाठी होती; पोस्ट उडाली की ती टाकणाऱ्याचा मागही पुसला जाऊ नये म्हणून. तोच संच पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली.

प्लॅटफॉर्मकडून तक्रार क्रमांक आला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोस्ट गेली. मात्र तोवर आणखी दोन खात्यांनी तोच फोटो टाकला होता. प्रत्येक प्रतीची लिंक वेगळी, म्हणून त्याच क्रमांकाखाली दोन्ही लिंका पुन्हा पाठवल्या. त्याही गेल्या. नकार आला असता तर 30 दिवसांच्या आत gac.gov.in वर केंद्राच्या अपील समितीकडे जाता आलं असतं.

व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या प्रती मात्र राहिल्या. तिथे लिंक नसते, त्यामुळे या पत्राचा हात तिथवर पोचत नाही. गावातल्या ज्या दोन ग्रुपांवर फोटो होता, त्यांच्या अॅडमिनना मी मूळ फोटो आणि पोलिसांची पोच पाठवली. एकानं लगेच काढला. दुसऱ्यानं विचारलं, ‘‘मग तुमचं मत काय आहे ते तरी सांगा.’’ मी त्याला तक्रार क्रमांक पाठवला.

मुदतीचे आकडे पुढे बदलले आहेत. पत्र लिहिणाऱ्यानं त्या दिवशीचा नियम पाहून आकडा घालावा. बाकी मजकूर वर आहे, हवा तर उतरून घ्या.