सातशे वीस कोणाचे?

आमच्या वार्षिक अंकात माझं काम इतरांच्या लेखांतले आकडे, सनावळ्या आणि नावं तपासण्याचं. काही वर्षांपूर्वी कोकणावरच्या एका लेखासोबत भारतातल्या किनारी राज्यांचा तक्ता आला. महाराष्ट्रापुढे लिहिलं होतं ६५२.६ किलोमीटर. मी थबकलो. शाळेपासून ७२० पाठ केलेलं. लगेच शोधून पाहिलं, तर समोर आलेल्या बारापैकी दहा पानांवर ७२०च होतं. दहा विरुद्ध दोन! मी निःशंक मनाने ६५२.६ खोडलं आणि वर ७२० लिहिलं.

अंक निघाल्यावर पंधरा दिवसांनी रत्नागिरीहून एका निवृत्त गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. ‘तक्त्याची बेरीज करून पाहावी. तळाशी आपण ७५१६.६ छापलं आहे, माझी बेरीज ७५८४ येते. हा ६७.४ किलोमीटर किनारा आपण कुठून आणलात?’

कुठून म्हणजे काय, मीच आणला होता. लेखकाचा तक्ता बरोबर जुळत होता. मुख्य भूमीचे ५४२२.६ आणि बेटांचे २०९४ मिळून ७५१६.६ हा देशाचा जुना अधिकृत आकडा, आणि त्या ५४२२.६मध्ये महाराष्ट्राचा वाटा ६५२.६. मी एका पिशवीतला एक दाणा काढून तिथे दुसऱ्या पिशवीतला टाकला होता. ७२० हा आकडाही कुणी हवेतून काढलेला नाही. राज्याचं सागरी मंडळ तो वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. पण केंद्राच्या तक्त्यात त्याला जागा नाही. गुजरातचंही तसंच. तिथे सगळे १६०० म्हणतात आणि त्याच तक्त्यात मात्र १२१४.७ होतं.

त्या पोस्टकार्डानंतर मी ती दहा पानं पुन्हा उघडली. या वेळी नुसता आकडा नव्हे, वाक्यं वाचली. सात ठिकाणी ७२०च्या मागोमाग ‘४८ लहान बंदरे’ आलं होतं, त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच शब्दांत. म्हणजे ते सात साक्षीदार नव्हते, एकाच साक्षीदाराच्या सात झेरॉक्स होत्या. साक्षीदार मोजताना आधी त्यांची भाषा बघावी, हे मी तेव्हा शिकलो.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे पीएच.डी. झालेले अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस असे ४५ जण संगणकापुढे बसवून पाहिले होते. अभ्यासक आणि विद्यार्थी बरेचदा समोरच्या पानावरच रेंगाळले. त्याची मांडणी, बोधचिन्ह, संदर्भांची यादी बघत राहिले. तपासनीस मात्र थोडं वाचून त्या पानावरून उठले आणि त्याच्याबद्दल इतर काय म्हणतात ते बघायला शेजारच्या खिडक्या उघडत गेले. निष्कर्षाला ते लवकर पोचले, आणि तो बरोबरही निघाला. या सवयीला मी माझ्यापुरतं ‘आडवं वाचन’ म्हणतो. एकच पान वरून खाली वाचणं हे उभं वाचन.

मागे किनाऱ्याचा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा भांडण तिहेरी झालं होतं. नव्या लेखकाने लिहिलं होतं ८७७.९७. मी नेहमीचा प्रश्न शोधून पाहिला, ‘महाराष्ट्राचा किनारा किती’. तिन्ही उत्तरं समोर आली, प्रत्येक तितक्याच ठामपणे. मग प्रश्न सोडून आकडेच शोधले. अवतरणचिन्हात आकडा घातला की तो नेमका जिथे आहे तीच पानं प्रामुख्याने मिळतात. पण इथे एक खड्डा आहे. `"720"` शोधलं की ७२० म्हणणारेच भेटतात, आणि सगळं जग आपल्याच बाजूचं आहे असं वाटू लागतं. म्हणून मी दोन भांडणारे आकडे एकत्र शोधतो:

```
"652.6" "877.97" Maharashtra coastline
```

दोन्ही आकडे माहीत असलेली पानं थोडीच असतात, पण फरक का पडला ते बहुतेक वेळा त्यांच्यातच सापडतं. इथेही सापडलं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात देशाचा किनारा ७५१६.६वरून ११,०९८.८१ किलोमीटर झाला होता, आणि त्या नव्या मोजणीत महाराष्ट्राला ८७७.९७ आले होते. पश्चिम बंगाल तर १५७.५वरून थेट ७२१.०२वर गेला होता.

एवढ्यावर थांबलो असतो तर ‘किनारा वाढला’ असा मथळा सुचला असता, आणि काहींनी तो दिलाही. प्रत्यक्षात जमीन वाढली नाही की समुद्र सरकला नाही. मोजपट्टी बदलली. सत्तरच्या दशकातली जुनी लांबी १ : ४५,००,००० या प्रमाणाच्या नकाशावरून काढलेली होती. त्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे ४५ किलोमीटर. दोन-अडीच किलोमीटर रुंदीचं खाडीचं मुख तिथे अर्ध्या मिलिमीटरचं होतं, म्हणजे पेन्सिलच्या रेघेतच बुडून जातं. नवी मोजणी १ : २,५०,०००वर झाली, सेंटीमीटरला अडीच किलोमीटर. तीच खाडी आता एक सेंटीमीटरची झाली, आणि रेघ तिच्यात शिरून दुसऱ्या काठाने परत आली. धरमतर, दाभोळ, जयगड अशा खाड्यांनी कोरलेला आपला किनारा जितका जवळून बघाल तितका लांब होणारच. त्रिभुज प्रदेशामुळे चिंध्या झालेला बंगालचा किनारा टक्केवारीने सर्वांत जास्त का वाढला, तेही यातच आलं.

म्हणून ‘खरा आकडा कोणता’ हा प्रश्नच अर्धा आहे. कोणी मोजलं, कधी मोजलं, कुठल्या नकाशावर मोजलं, हे जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही. ६५२.६ आणि ८७७.९७ या दोघांपाशी या तिन्हींची उत्तरं आहेत. मला जिथे जिथे ७२० दिसलं, तिथे मागे संस्थेचं नाव होतं, मोजणीची रीत नव्हती. म्हणून तो आकडा खोटा ठरत नाही, पण तक्त्यात इतरांशेजारी बसवताही येत नाही.

जुन्या पानांवरही उगाच रागवू नये. २०१९ सालच्या पानाला ८७७.९७ माहीत असणं शक्यच नव्हतं. त्यामुळे पान उघडलं की मी आधी तारीख शोधतो. तारीख नसेल, तर त्यातला दुसरा एखादा आकडा बघून वय ठरवतो. किनारी जिल्ह्यांत पालघर नसेल, तर तो मजकूर १ ऑगस्ट २०१४च्या आधीचा, किंवा तेव्हाच्या मजकुरावरून उतरवलेला.

अंकात शेवटी छापलं ते असं: ‘महाराष्ट्राचा किनारा ८७७.९७ किलोमीटर (नवी मोजणी, जुन्या मोजणीनुसार ६५२.६).’ तक्त्यातली बाकीची राज्यंही नव्या मोजणीचीच घेतली. छपाईला देण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बेरीज केली. ती जुळली.