शेवटची पावती



मागच्या आठवड्यात माळा आवरताना भाडेपावत्यांचा जुना गठ्ठा हाती लागला आणि सांगलीतल्या वाड्यातली आमची शेवटची संध्याकाळ आठवली.

1991 सालचा उन्हाळा. दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया आणि त्याच मुहूर्तावर विश्रामबागेतल्या आमच्या पहिल्यावहिल्या फ्लॅटमध्ये कलश ठेवायचा होता. वाड्यात आम्ही चौदा वर्षं होतो. दोन खोल्या, महिन्याचं भाडं 75 रुपये, डिपॉझिट 300. एवढ्या वर्षांत भाडं एक रुपयाने वाढलं नाही, कारण तेव्हाच्या भाडे कायद्यात मालकाला ते सहज वाढवता येत नसे आणि भाडेकरूला उठवणं तर त्याहून अवघड. त्यामुळे खोली सोडताना मालकाकडून पैसे घ्यायचे, अशी रीतच पडली होती.

माझे दीर दुपारीच सांगून गेले होते, "वहिनी, किल्ली अशीच देऊ नका. पंधरा हजार मागा. शेजारच्या वाड्यात वीस घेतले."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. सोसायटीचं कर्ज काढून, माझ्या पाटल्या मोडून फ्लॅटचे पैसे भागले होते, पण स्वयंपाकाच्या ओट्याखालची कपाटं आणि खिडक्यांच्या जाळ्या राहिल्या होत्या. पंधरा हजारांत सगळं झालं असतं. हे गप्प होते. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. पिठलं-भाकरीच केली होती, कारण भांडी पोत्यात गेली होती. आत्यांनी गाळणं धुतलं आणि जिवाणीची घागर घेऊन त्या विहिरीवर निघाल्या. ती वरून ओतायची नाही, दोरानं घागर पाण्यापर्यंत सोडून तिथेच अलगद कलती करायची. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून मी म्हटलं, "आत्या, आज राहू दे. उद्या नव्या घरी बघू."

"उद्याचं पाणी वेगळं. हे इथलं आहे, इथेच जायला हवं," एवढंच म्हणाल्या आणि दोर सोडला.

मी परत येऊन पावत्या मोजत बसले. 168 पावत्या. 168 गुणिले 75 म्हणजे 12,600 रुपये. कॉमर्सची सवय, पेन्सिलीने खाली लिहिलं: मागायचे 15,000. वजा केले तर 2,400 उरले. म्हणजे चौदा वर्षं फुकट राहून वर मालकीणबाईंकडून 2,400 रुपये घेतल्यासारखं झालं असतं. त्या एकट्या होत्या. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस लावायच्या, तेव्हा आमचं कित्येक महिन्यांचं भाडं त्यातच जायचं. तो कागद मी यांच्यापुढे सरकवला. यांनी वाचला आणि म्हणाले, "चल, किल्ली देऊन येऊ."

इथे एक सांगायला हवं. ज्यांनी खोली घेतानाच पागडी मोजली होती, त्यांनी सोडताना पैसे मागितले तर त्यात गैर नाही, ते त्यांचेच गुंतलेले पैसे. आम्ही पागडी दिलेली नव्हती. आमचे होते ते डिपॉझिटचे 300.

तरी व्यवहार मी चोख केला. विजेच्या मीटरचं रीडिंग दोघींनी बघून लिहून घेतलं. एका कागदावर "दोन्ही खोल्यांचा रिकामा ताबा मिळाला, भाड्याची बाकी नाही, डिपॉझिट परत दिले" असं लिहिलं, दोन प्रती केल्या, दोघींच्या सह्या. चांगुलपणाच्या भरात ही पायरी गाळू नये. कागद नसला की पुढच्या पिढीत बोलणी होतात.

मालकीणबाईंनी सही केली, पण किल्ली बराच वेळ हातात घेईनात. शेवटी विचारलं, "आणि किती द्यायचे?" त्यांनी चुलत्याकडून पैसे उसने आणून ठेवले होते. आत्या म्हणाल्या, "अहो, द्यायचं काय? राहिलो की आम्ही." मग त्या रडल्या आणि आत्याही.

ओट्याखाली पुढची तीन वर्षं मी जुन्या साड्यांचे पडदे लावले. जाळ्या नव्हत्या म्हणून संध्याकाळी खिडक्या लवकर बंद करायला लागायच्या आणि उन्हाळ्यात त्या घरात फार उकडायचं. दीर बरेच दिवस नाराज होते.

गठ्ठ्यातल्या सगळ्या पावत्या मी आता रद्दीत घातल्या. तेवढा सह्यांचा कागद ठेवला आहे, मागच्या बाजूला माझी पेन्सिलीची वजाबाकी अजून दिसते.